सभासद रजिस्टर पुन्हा लिहिण्याआधी

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचं जुनं सभासद रजिस्टर गच्चीच्या गळतीत भिजलं, तेव्हा बॉलपेनने लिहिलेल्या नोंदी वाचता आल्या, पण नंतरच्या सात-आठ पानांवर जेल पेनची निळी शाई पसरून नुसते डाग उरले. नॉमिनीची नावं त्याच पानांवर होती. म्हणून या वेळी नवीन रजिस्टर लिहायला घेण्याआधी तयारी नीट करायची, असं ठरवलं. जुनं रजिस्टर मात्र फेकायचं नाही. ते तसंच जपून ठेवायचं.

पहिलं काम कागदाचं. दुकानात नुसतं ‘चांगला जाड कागद’ मागू नका, कारण जाडीचा टिकाऊपणाशी फारसा संबंध नाही. तुरटी आणि राळ वापरून तयार केलेल्या कागदात आम्ल राहतं. ते तंतू हळूहळू तोडत जातं आणि पान दुमडलं की तुकडा पडतो. वर्तमानपत्र पिवळं पडतं, त्याचं मोठं कारण लिग्निन, म्हणजे लाकडातला न काढलेला भाग. आपल्याला हवा तो कागद अ‍ॅसिड-फ्री, लिग्निन नसलेला आणि वर थोडी चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट राखून असलेला. हवेतून पुढे जे आम्ल येईल ते ही चुनखडी गिळते. पाकिटावर आयएसओ ९७०६ लिहिलेलं असेल तर या सगळ्या गोष्टी त्यात येतात. तिथे चुनखडीचा साठा किमान २ टक्क्यांइतका लागतो. शंभर टक्के कापसाचा कागद मिळाला तर उत्तमच, पण तोही अ‍ॅसिड-फ्री आहे ना, हे विचाराच.

दुकानदाराच्या शब्दावर न राहता पीएच पेन आणा. त्याची रेघ जांभळी झाली तर कागद ठीक, पिवळी झाली तर आम्ल आहे. डाग जात नाही, म्हणून सुट्या पानावरच करा. पान फाडून फाटलेल्या कडेवरही रेघ ओढा, कारण वरचा थर एक आणि गाभा वेगळा असू शकतो. मी आणलेल्या दोन नमुन्यांपैकी एका जाड लेजर कागदाची वरून रेघ जांभळी आली आणि कडेला पिवळी. तो मी परत केला. या पेनने लिग्निन कळत नाही. त्यासाठी पानाचा अर्धा भाग काळ्या कार्डाने झाकून ते महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि मग दोन्ही अर्धे शेजारी धरून बघा. उघडा भाग स्पष्ट पिवळा दिसला, तर तो कागद नको.

आता शाई. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग; पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण, जे तंतूंत अडकून बसतात. काळ्या पिगमेंटमध्ये बहुतेक कार्बन असतो आणि त्याला ऊन-पाण्याने सहसा काही होत नाही. जेल पेनमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून वेष्टनावर पिगमेंट शब्द शोधा. आणि तरीही चाचणी कराच. निवडलेल्या कागदावरच प्रत्येक पेनने तीन ओळी लिहा, पूर्ण एक दिवस वाळू द्या. पहिलीवर पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटांनी टिपून घ्या, दुसरीवर स्पिरिटचा थेंब टाका, तिसरी अर्धी झाकून उन्हात ठेवा. बॉलपेनची ओळ पाण्यात टिकते पण स्पिरिटने पसरते, आणि उन्हात अनेकदा फिकी पडते. ज्याच्या तिन्ही ओळी टिकल्या, तेच पेन घ्या. पिगमेंट शाई फाउंटन पेनात भरणार असाल तर पेन वाळू देऊ नका, कण आत घट्ट बसतात.

हे पेन रजिस्टरला दोरीने बांधून ठेवा. सही करायला येणारा सभासद खिशातलं पेन काढतो आणि नेमकी सहीच पुसली जाते. शिक्क्याकडेही लक्ष हवं: नेहमीचं जांभळं स्टॅम्प पॅड बहुधा डायचं असतं, म्हणून पिगमेंट पॅड वेगळं मागवा. काही पानं छापायची असतील तर इंकजेटच्या काही प्रिंटरांत फक्त काळी शाई पिगमेंट आणि रंगीत डाय असते. छापताना ‘फक्त काळी’ निवडा. लेझरची छपाई चालते, पण एका पानाला घडी घालून नखाने घासून बघा. पावडर सुटली तर टोनर नीट भाजलेला नाही.

लिहायचं काम दिवाळीनंतर काढा. ठाण्याच्या पावसाळ्यात कागद दमट असतो, शाई फुटते आणि पान नंतर वाळून वाकडं होतं. झाल्यावर लॅमिनेशन करू नका, नेहमीच्या मऊ पीव्हीसी फोल्डरमध्येही घालू नका. त्याला टोनर चिकटतो आणि पानाबरोबर उचलला जातो. पॉलिस्टरचं पाकीट किंवा अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठ्याची पेटी घ्या. कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडं लांब आणि जमिनीपासून थोडं वर ठेवा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला उघडून कुबट वास येतो का ते बघा.