टिकटिक टॅपेटची, सायलेन्सरची की ऑइलची? 100–125 सीसी बाइकसाठी

एक्सिलरेटर पिळला की टिकटिक वाढते, एवढ्यावरून काहीजण लगेच टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी गॅप सेट करायचा स्क्रू, आवळतात. पण सिंगल सिलिंडरमध्ये टॅपेट असो वा एक्झॉस्टची गळती, दोन्हीचा टोला इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. त्यामुळे वेगावरून काहीच कळत नाही.

आधी ऑइल. बाइक सपाट जागी मेन स्टँडवर, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. बहुतेक बाइकना ती न आवळता नुसती टेकवायची असते. खालच्या खुणेखाली असेल तर भरेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

मग बेंड पाइप, म्हणजे इंजिनच्या हेडपासून सायलेन्सरकडे जाणारी नळी. गळतीचा आवाज जोर पडला की वाढतो: चढावर फटफट, एक्सिलरेटर सोडला की गप्प. टॅपेटला चढ-उताराशी फारसं देणंघेणं नसतं. इंजिन थंड असताना हेडजवळच्या जोडावर साबणपाणी लावा आणि सुरू करून बघा. बुडबुडे आले किंवा तिथे काजळीचा काळा ओघळ दिसला, तर गॅस्केट बदला. एका ओळखीच्यांच्या बाइकचं टॅपेट गॅरेजात दोनदा सेट झालं होतं, तरी चढावर आवाज होताच. जोडाखाली काजळी होती, नवी गॅस्केट घातल्यावर गप्प.

हे दोन्ही ठीक असेल तरच टॅपेटला हात लावा, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच, म्हणजे रात्रभर उभं असलेलं. गरम इंजिनवर 'अंदाजाने' सेट करणाऱ्याचं ऐकू नका.

खरी अडचण पुढे आहे. मॅग्नेट, म्हणजे क्रँकसोबत फिरणारं चाक, त्यावरची 'T' खूण खाचेसमोर आली की पिस्टन वर आला, एवढंच समजतं. पण पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा दोन्ही थोडे उघडे असतात. या दुसऱ्या वेळी गॅप मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, घातलं तर गॅप दिसणारच नाही, तुम्ही स्क्रू सैल कराल आणि टिकटिक आणखी वाढेल. म्हणून खूण जुळल्यावर व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर बोटाने हलवा. दोन्ही किंचित खुळखुळले तर बरोबर. ताठ असतील तर पूर्ण एक फेरी फिरवून परत बघा.

गॅप मॅन्युअलमधलाच घ्या. या इंजिनांत तो साधारण 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असतो. फीलर गेज किंचित घासत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. आवाज अगदी बंद व्हावा म्हणून घट्ट करू नका. घट्ट टॅपेट वाजत नाही, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. हलकी टिकटिक राहू द्या.

गॅप बरोबर असूनही जोराची टकटक राहिली तर रॉकर किंवा कॅम झिजला असेल, आणि त्यासाठी हेड उघडावंच लागतं.