रिप्ले बघताना चॅट आणि इमोजींचे फुगे लपवताय? या चुका टाळा

"चॅट जातच नाही हो, काहीतरी सांगा!" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता मी उलट विचारतो, चॅटच्या डोक्यावरचं बंद करायचं बटण दाबलंत का? निम्म्या लोकांनी दाबलेलं नसतं, पण तीन एक्स्टेन्शनं मात्र टाकून झालेली असतात. यूट्यूबवर लाइव्ह प्रक्षेपणाच्या रिप्लेत चॅटची चौकट व्हिडिओच्या बाजूला असते आणि ती बंद करण्याची सोय तिथेच आहे. एखादाच व्हिडिओ बघायचा असेल तर एवढ्यावर भागतं.

रोजच बघणाऱ्यांना ते दर वेळी दाबायचा कंटाळा येतो, हे मान्य. पण मग आधी एक गोष्ट तपासा: चॅट नक्की आहे कुठे? पानावर, की चित्रातच?

ही माझी स्वतःची फजिती. तीन तासांचं एक रेकॉर्डिंग बघत होतो आणि डाव्या कडेला चॅटची पट्टी सारखी वर सरकत होती. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचा पिकर, म्हणजे पानावरचा नको तो घटक निवडून लपवायचं हत्यार, काढला आणि पट्टीवर क्लिक केलं, तर अख्ख्या व्हिडिओला चौकट पडली. घाईत मी तोच फिल्टर तयार केला. चित्र गायब, आवाज चालूच! मग तो काढला, दुसरा लिहिला, मग तिसरा. तासभर गेल्यावर कधीतरी क्वालिटी कमी केली, आणि पट्टीची अक्षरंही चित्राबरोबर फुटली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रक्षेपण करणाऱ्यानेच चॅट आपल्या पडद्यावर बसवून चित्रासकट पाठवली होती. ते व्हिडिओचे पिक्सेल होते. ब्राउझरला त्यात वेगळं काही दिसतच नाही, मग तो लपवणार काय?

तेव्हापासून मी आधी क्वालिटी 144p करून बघतो. चॅटची अक्षरं चित्राबरोबर फुटली, तर ती चित्रात भाजलेली आहे. फिल्टरच्या नादी लागू नका. अक्षरं तशीच धारदार राहिली, तर ती पानावर आहे आणि लपवता येते. भाजलेल्या चॅटवर माझा उपाय अगदी गावठी आहे: फुल स्क्रीन न करता त्या कडेवर नोट्सची छोटी, सतत वर राहणारी खिडकी ठेवतो.

चॅट पानावर असेल, तर यूब्लॉक ओरिजिनच्या सेटिंगमध्ये My filters मध्ये ही ओळ टाका:

```
www.youtube.com##ytd-live-chat-frame
```

दुसरी लाडकी चूक म्हणजे फुग्यांची. काहींना चॅट वाचायची असते, फक्त तिच्या खालच्या कोपऱ्यातून वर तरंगणारी हृदयं आणि हसरे चेहरे नको असतात. मग कुठूनतरी उचललेली स्क्रिप्ट कन्सोलमध्ये चिकटवतात, `document.querySelector` ला `null` मिळतं आणि "चालत नाही" म्हणून ओरड सुरू होते. चालणार कसं? चॅट आयफ्रेममध्ये आहे, म्हणजे पानात बसवलेलं दुसरं पान. बाहेरच्या पानातला शोध त्याच्या आत शिरत नाही. फुगे त्या आतल्या पानात असतात, त्यामुळे चॅटची चौकटच लपवली तर तेही आपोआप जातात. फक्त फुगेच घालवायचे असतील, तर चॅटवर उजवं क्लिक करून यूब्लॉकच्या यादीतलं Block element in frame… निवडा. हा पिकर थेट आतल्या पानावर चालतो. मी हे वापरतो:

```
www.youtube.com##yt-reaction-control-panel-overlay-view-model
```

आतल्या पानाचाही पत्ता www.youtube.com असल्यामुळे ही ओळ तिथे लागू होते. यूट्यूब अशी नावं अधूनमधून बदलतं. फुगे परत दिसू लागले, की नाव बदललं असं समजा आणि पिकरने नवं शोधा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. पिकरऐवजी झॅपर वापरला, तर पान रीफ्रेश केल्यावर सगळं परत येतं. तो तात्पुरताच असतो. पिकरमध्ये `#secondary` निवडलं, तर उजवीकडचा अख्खा रकाना जातो, सुचवलेल्या व्हिडिओंसकट. `remove()` करणाऱ्या स्क्रिप्टचं म्हणाल, तर यूट्यूबवर दुसरा व्हिडिओ उघडताना पान नव्याने लोड होत नाही. त्यामुळे एकदाच चालणारी स्क्रिप्ट पहिल्या व्हिडिओनंतर गप्प बसते आणि चॅट परत उगवते. फिल्टरचं तसं नाही, घटक पुन्हा आला की तो पुन्हा लपवतो. म्हणूनच मी या कामासाठी स्क्रिप्टला हात लावत नाही.

आणि एकट्या चॅटसाठी "सर्व साइट्सवरचा सर्व डेटा वाचण्याची परवानगी" मागणारं कुठलंसं एक्स्टेन्शन टाकणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही. त्यांना आधी ते बटण दाखवतो.