पवित्राच्या अनुभवावर निबंध लिहिताना या चुका टाळा

अशा निबंधांत सर्वात जास्त आढळणारी चूक म्हणजे अनुभवाचं कथन नीट वाचण्याआधीच त्यावर जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटोचे शब्द चिकटवणं. पवित्रासमोर माणूस थरथरतो आणि त्याच वेळी त्याकडे ओढलाही जातो, हे ओटोने १९१७ मध्ये मांडलं. कल्पना इतकी प्रभावी आहे की प्रत्येक कथनात धाक आणि ओढ दिसू लागते.

फ्रेंच गणिती आणि विचारवंत ब्लेझ पास्कलचं उदाहरण घ्या. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साधारण साडेदहा ते साडेबारा या वेळेत आलेला अनुभव त्याने कागदावर टिपून ठेवला. १६६२ मध्ये तो वारल्यावर तो कागद त्याच्या कोटात शिवलेला सापडला. त्यात 'अग्नी' हा शब्द एकटाच एका ओळीत आहे. निबंधात लगेच लिहिलं जातं, 'अग्नी म्हणजे ओटोचा धाक.' पण पुढे वाचा. लगेच खात्री, आनंद, शांती येते. मग आनंदाश्रू येतात. भीतीही आहे, पण ती देव आपल्याला सोडून जाईल याची. प्रचंड शक्तीपुढे दबून जाण्याची भीती वेगळी आणि विरहाची वेगळी. माझ्या मते निबंधाचा खरा मुद्दा इथेच सापडतो: ओटोची चौकट कुठे बसते आणि कुठे तोकडी पडते.

आपण हीच चूक करतोय का, हे ओळखणं सोपं आहे. परिच्छेदातून ओटोचे शब्द काढून टाका. उरलेलं वर्णन कुठल्याही संताला लागू पडत असेल, तर तुम्ही पास्कलबद्दल अजून काहीच लिहिलेलं नाही.

दुसरी चूक निवाडा देण्याची. 'पास्कलला देव भेटला' आणि 'तो मेंदूचा खेळ होता' ही दोन्ही वाक्यं फिनॉमिनॉलॉजीच्या, म्हणजे अनुभव जसा जाणवला तसा त्याचं वर्णन करण्याच्या पद्धतीच्या, बाहेरची आहेत. खरं-खोटं कंसात ठेवायचं, यालाच एपोखे म्हणतात. तेव्हा 'पास्कलला ती उपस्थिती खात्रीची वाटली' असं लिहा. मात्र कारणांचा शोध घ्यायचाच नाही, असा याचा अर्थ नाही. धर्माचा अभ्यासक वेन प्राउडफुटने १९८५ मध्ये हा फरक दाखवला: वर्णन अनुभवणाऱ्याला ओळखू येईल असंच हवं, पण स्पष्टीकरण त्याला मान्य असलंच पाहिजे असं नाही. छोट्या निबंधात दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळू नका.

तिसरी चूक म्हणजे कथनालाच अनुभव समजणं. 'अब्राहमचा देव, इसहाकचा देव, याकोबचा देव' ही पास्कलची ओळ बायबलमधल्या जळत्या झुडपाच्या प्रसंगातून आली आहे. ही भाषा अनुभवानंतर सुचली की अनुभवच तिच्यातून घडला, हे कागदावरून ठरवता येत नाही. म्हणून 'पास्कलने अनुभवलं' ऐवजी 'पास्कल सांगतो' हे क्रियापद वापरा आणि बायबलचा हा संबंध वर्णनातच नोंदवा, शेवटी वेगळी टीका म्हणून जोडू नका.