टॅली झालं, तरी मार्क गेले: कॅश फ्लोमधले व्यवहार कोणत्या कप्प्यात टाकायचे

सीए इंटरच्या पहिल्या सराव परीक्षेत माझं कॅश फ्लो स्टेटमेंट शेवटच्या रुपयापर्यंत जुळलं होतं. सुरुवातीची रोख, वर्षातला बदल, अखेरची रोख, सगळं ताळेबंदाशी टॅली. पेपर हातात आला तेव्हा त्या प्रश्नाचे निम्मे मार्क गेलेले. सरांनी समासात एवढंच लिहिलं होतं: 'बेरीज बरोबर, कप्पे चूक.'

त्या दिवशी जे कळलं ते मी आता आमच्या ऑफिसातल्या नव्या आर्टिकल मुलांना पहिल्यांदा सांगते. कॅश फ्लोचे कप्पे तीन: रोजच्या धंद्याचा ऑपरेटिंग, मालमत्ता आणि गुंतवणुकीचा इन्व्हेस्टिंग, भांडवल आणि कर्जाचा फायनान्सिंग. समजा, मिळालेलं २४,००० व्याज इन्व्हेस्टिंगऐवजी ऑपरेटिंगमध्ये लिहिलं, तर एक कप्पा तेवढ्याने फुगतो आणि दुसरा तेवढ्यानेच आटतो. तिन्हींची बेरीज तीच राहते. म्हणजे एखादी रक्कम दोनदा धरली किंवा सुटली तर टॅली ओरडून सांगते, पण चुकीच्या कप्प्यात पडली तर ती गप्प बसते. वर्गीकरण तपासायला वेगळी पद्धत लागते.

बहुतेक जण इथे यादी पाठ करतात: यंत्र म्हणजे इन्व्हेस्टिंग, शेअर म्हणजे फायनान्सिंग, पगार म्हणजे ऑपरेटिंग. मीही तसंच केलं होतं. पण परीक्षेतला व्यवहार यादीतल्या शब्दांत येत नाही. तिथे 'शेअर देऊन इमारत घेतली' असं वाक्य येतं आणि त्यात शेअरही असतो, इमारतही. म्हणून मी प्रत्येक व्यवहाराला तीन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारते. रोख खरंच हलली का? ही कंपनी धंदा कशाचा करते? आणि हा एकच व्यवहार आहे, की एका वाक्यात बांधलेले दोन?

एक पूर्ण प्रश्न सोडवून दाखवते. आकडे मी रचलेत, पण परीक्षेत वाक्यं अशीच येतात.

सूत कातणारी एक कंपनी. करापूर्वीचा नफा ९,२०,०००. हा नफा घसारा १,६०,००० आणि व्याज ३०,००० वजा करून आलेला आहे. त्यात जुनं यंत्र विकल्याचा फायदा ५०,००० आणि ठेवीवरचं व्याज २४,००० धरलेलं आहे. १,८०,००० पुस्तकी किमतीचं ते यंत्र २,३०,००० ला रोखीने विकलं. ६,००,००० चं नवं यंत्र हप्त्यांवर घेतलं. वर्षात १,५०,००० चा एक हप्ता भरला, त्यात ३०,००० व्याज. २०,००,००० ची इमारत घेतली, त्यापैकी १२,००,००० चे शेअर दिले आणि ८,००,००० रोख. कापूस पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला ४०,००० आगाऊ दिले. प्रेफरन्स शेअर ५,००,००० ला दर्शनी किमतीनेच परत घेतले. लाभांश १,००,००० दिला. आयकर २,३०,००० भरला. मार्चमध्ये बँकेत दोन महिन्यांची ३,००,००० ची ठेव केली. सुरुवातीची रोख आणि बँक शिल्लक ८,९०,०००.

पहिला प्रश्न: रोख हलली का? इमारतीचे १२,००,००० इथेच बाद होतात. शेअर देऊन मालमत्ता आली, तिजोरीला धक्काही लागला नाही, म्हणून ती रक्कम ना इन्व्हेस्टिंगमध्ये, ना फायनान्सिंगमध्ये. कॅश फ्लोचं आपलं लेखा मानक एएस ३ सांगतं की असे व्यवहार विवरणाबाहेर ठेवायचे आणि त्यांची माहिती वित्तीय विवरणपत्रांत दुसरीकडे द्यायची. पुष्कळ मुलं इन्व्हेस्टिंगला २० लाख बाहेर आणि फायनान्सिंगला १२ लाख आत दाखवतात. बेरीज जुळते, कारण दोन्हीकडचे १२ लाख एकमेकांना खातात. परीक्षकाला मात्र कधीच न घडलेले दोन रोख व्यवहार दिसतात.

दोन महिन्यांची ठेवही याच प्रश्नात अडकते, पण कारण वेगळं आहे. घेतल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत मुदत संपणारी, चटकन रोख होणारी आणि किमतीत फारसा फरक न पडणारी गुंतवणूक ही रोख समतुल्य असते. बँकेतून अशा ठेवीत पैसे टाकणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. म्हणून ते कुठल्याच कप्प्यात येत नाही, अखेरच्या शिल्लकीत मात्र ही ठेव धरायची. मुदत घेतल्याच्या दिवसापासून मोजायची, वर्षअखेरीपासून नाही. दोन वर्षांच्या ठेवीची ३१ मार्चला एक महिना मुदत उरली, म्हणून ती रोख समतुल्य होत नाही.

दुसरा प्रश्न धंद्याचा. ही सूतगिरणी आहे, व्याज मिळवणं हा तिचा धंदा नव्हे. म्हणून मिळालेलं व्याज इन्व्हेस्टिंग, दिलेलं व्याज आणि लाभांश फायनान्सिंग. प्रश्नाच्या पहिल्या ओळीत 'एक वित्त कंपनी' असं असतं तर मिळालेलं आणि दिलेलं व्याज, मिळालेला लाभांश, दिलेली कर्जं, सगळं ऑपरेटिंगमध्ये गेलं असतं, कारण तिचा कच्चा मालच पैसा आहे. भागधारकांना दिलेला लाभांश तिथेही फायनान्सिंगच राहतो. शेअरची खरेदी-विक्री हाच धंदा असलेल्या कंपनीचंही तसंच: तिच्याकडचे शेअर हा तिचा साठा, आपल्या गिरणीतल्या कापसासारखा. म्हणून मी आकड्यांकडे वळण्याआधी कंपनीच्या वर्णनाखाली पेन्सिलीने रेघ मारते.

कापूसवाल्याला दिलेली उचलही इथेच ठरते. उचल कच्च्या मालासाठी, म्हणून ऑपरेटिंग. तेच ४०,००० यंत्र बनवणाऱ्याला आगाऊ दिले असते तर इन्व्हेस्टिंग. 'आगाऊ' हा शब्द काही ठरवत नाही, कशासाठी दिले ते ठरवतं. आयकर ऑपरेटिंग. तो इन्व्हेस्टिंग किंवा फायनान्सिंगमधल्या ठरावीक व्यवहारामुळेच लागला असं प्रश्नात स्पष्ट असेल तरच तिकडे न्यायचा.

सगळ्यात जास्त मार्क तिसऱ्या प्रश्नावर जातात, म्हणून इथे थोडी थांबते.

यंत्राच्या हप्त्याचे १,५०,००० एकत्र बाहेर गेले, चेकही एकच. पण त्यात दोन गोष्टी आहेत: ३०,००० उधारीची किंमत आणि १,२०,००० यंत्राची किंमत. एएस ३ हा हप्ता फोडायला सांगतं. व्याज फायनान्सिंगमध्ये, उरलेला भाग इन्व्हेस्टिंगमध्ये. ६,००,००० चा आकडा विवरणात येतच नाही, कारण उरलेले ४,८०,००० अजून दिलेलेच नाहीत. माझे सराव परीक्षेतले मार्क याच ओळीवर गेले होते. मी अख्खे १,५०,००० 'कर्जाची परतफेड' म्हणून फायनान्सिंगमध्ये टाकले होते. हप्ता म्हटलं की कर्ज, एवढाच विचार केला होता.

जुन्या यंत्राची विक्री उलट बाजूने फसवते. तिथे रोख एकच आहे, २,३०,०००, आणि ती पूर्ण इन्व्हेस्टिंगची. फायद्याचे ५०,००० ही वेगळी रोख नाही, ती त्याच रकमेच्या पोटात आहे. पण नफ्यातून सुरुवात केल्यामुळे ते ५०,००० ऑपरेटिंगमध्ये आधीच शिरलेले असतात, म्हणून तिथून वजा करायचे. आमच्याकडच्या एका मुलीने विचारलं, "ताई, फायदा तर झालाच ना, मग वजा का करायचा?" मी म्हटलं, "नाकारत नाही गं, त्याच्या घरी पाठवतोय." ऑपरेटिंगमधली ही बेरीज-वजाबाकी म्हणजे चुकून आलेल्या पाहुण्यांना परत पाठवणं. व्याजाचंही तेच. दिलेले ३०,००० नफ्यातून आधीच कापले गेलेत, ते परत मिळवायचे आणि फायनान्सिंगमध्ये दाखवायचे. मिळालेले २४,००० ऑपरेटिंगमधून काढून इन्व्हेस्टिंगमध्ये न्यायचे. एक टोक केलं आणि दुसरं विसरलं, तर तेवढी चूक टॅली पकडते.

आता मांडूया. ऑपरेटिंग: ९,२०,००० मध्ये घसारा १,६०,००० आणि व्याज ३०,००० मिळवले, फायदा ५०,००० आणि मिळालेलं व्याज २४,००० वजा केलं, १०,३६,००० आले. त्यातून उचल ४०,००० आणि कर २,३०,००० गेले, राहिले ७,६६,०००. इन्व्हेस्टिंग: यंत्रविक्रीचे २,३०,००० आणि व्याजाचे २४,००० आत, हप्त्यातले १,२०,००० आणि इमारतीचे ८,००,००० बाहेर, म्हणजे ६,६६,००० बाहेर. फायनान्सिंग: व्याज ३०,०००, लाभांश १,००,०००, प्रेफरन्स शेअर ५,००,०००, मिळून ६,३०,००० बाहेर. तिन्ही मिळून रोख ५,३०,००० ने घटली. ८,९०,००० वरून ३,६०,००० राहिली, त्यात ३,००,००० ती ठेव आणि ६०,००० हातात व बँकेत.

ठेव चुकून इन्व्हेस्टिंगमध्ये टाकून बघा. अखेरची शिल्लक ६०,००० येईल, आणि ताळेबंदात 'रोख व बँक' याखाली ठेव वेगळी दाखवलेली असेल तर तीही सुखाने जुळेल. म्हणून उत्तराखाली मी रोख समतुल्याची फोड एका ओळीत नेहमी लिहिते. ती लिहिताना ठेवीची मुदत बघावीच लागते.

वर्गीकरण तपासायची माझी पद्धत अशी. विवरण पूर्ण झालं की प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक व्यवहारापुढे ऑ, इ, फा किंवा शून्य असं एकच अक्षर लिहायचं, तेही उत्तराकडे न बघता, नुसता व्यवहार वाचून. मग दोन्ही ताडून बघायचं. ज्या व्यवहारापुढे एक अक्षर पुरत नाही, तो फोडायचा आहे. आपल्या प्रश्नात असे दोन निघतात: हप्ता, इ आणि फा, आणि इमारत, शून्य आणि इ. या कामाला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढी मी पेपरात राखून ठेवते.

एक सावधगिरी परदेशी व्हिडिओंबद्दल. आंतरराष्ट्रीय आयएएस ७ मध्ये व्याज आणि लाभांश कुठे दाखवायचे याचा पर्याय कंपनीला दिलेला होता, म्हणून तिथले शिक्षक दिलेलं व्याज बेधडक ऑपरेटिंगमध्ये लिहिताना दिसतात. आपल्या एएस ३ मध्ये तो पर्याय नाही, आणि इंड एएस ७ मधूनही तो काढलेला आहे.

बँक ओव्हरड्राफ्टचं मात्र आपल्याकडेच दोन तऱ्हेचं आहे. इंड एएस ७ म्हणतं की मागताक्षणी फेडायचा आणि कंपनीच्या रोख व्यवस्थापनाचा भागच असलेला ओव्हरड्राफ्ट रोख व रोख समतुल्यात धरायचा. एएस ३ मध्ये असं वाक्य नाही, आणि बारावीच्या सीबीएसई अभ्यासक्रमात तो अल्पमुदतीचं कर्ज म्हणून फायनान्सिंगमध्ये जातो. इंटरला तुम्ही एएसवर लिहिता, फायनलला इंड एएसवर. तेव्हा ओव्हरड्राफ्ट दिसला की कोणतं मानक धरलं ते टिपेत एका वाक्यात लिहा, आणि मगच रक्कम टाका.