दत्तक बाळ घरी आलंय? बाळंतविडा नेण्याआधी या चुका टाळा

मैत्रिणीकडे बाळ आलं म्हटलं की आपल्या डोक्यात बाळंतविडा सुरू होतो. झबली-टोपडी, दुपटी, पाळण्यावर टांगायचा चिमणाळा, चांदीची वाटी आणि आईसाठी डिंकाचे नि अळिवाचे लाडू. ही सगळी यादी बाळंतपण धरून ठरलेली आहे. मूल दत्तक आलेलं असेल तर तिच्यातल्या निम्म्या वस्तू मापातच चुकतात आणि एकदोन मनाला लागतात. आई-बाप हसून घेतात, ‘छान आहे हं’ म्हणतात आणि पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते.

आधीच घेऊन ठेवणं

दत्तकासाठी ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते. मग सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन गृहभेट अहवाल करतात आणि वाट पाहणं सुरू होतं. लहान, निरोगी बाळासाठी हे वाट पाहणं हल्ली तीन वर्षांच्याही पुढे जातं. मग एके दिवशी पोर्टलवर एका मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल दिसतो. ४८ तासांत होकार देऊन ते मूल राखून ठेवायचं, ते जिथे सांभाळलं जातंय त्या दत्तक संस्थेत जाऊन त्याला भेटायचं, ३० दिवसांच्या आत स्वीकार कळवायचा आणि त्यानंतर दहा दिवसांत मूल घरी. म्हणजे वर्षानुवर्षं काहीच हलत नाही आणि मग महिन्याभरात सगळं होतं.

नोंदणी करताना ‘दोन वर्षांपर्यंत’ असा वयोगट निवडलेला असतो. येणारं बाळ चार महिन्यांचं असेल की वीस, हे तोपर्यंत कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे ‘नोंदणी केलीत ना, मग हा घ्या पाळणा’ असं करू नका. तीन-तीन वर्षं तो रिकामा पाळणा बेडरूममध्ये बघत राहायचं आणि शेवटी बाळ चौदा महिन्यांचं आलं, धरून उभं राहणारं, तर पाळण्यात ठेवणं धोक्याचंच. पोर्टलवरचा फोटो येईपर्यंत काहीही नेऊ नये, आणि फोटो आल्यावरही आधी विचारावं.

वयावरून कपडे घेणं

समजा तुमच्या मित्राकडे चौदा महिन्यांची मुलगी येतेय. दुकानात गेलात तर दुकानदार १२ ते १८ महिन्यांचा जोड काढून देईल. पण संस्थेतून येणारी बरीच मुलं वयाच्या मानाने लहानखुरी असतात. काहींचा जन्म कमी वजनाचा असतो, काहींचे सुरुवातीचे महिने आजारपणात गेलेले असतात. ही मुलगी पावणेआठ किलोची असेल तर तिला आज ६ ते ९ महिन्यांचं माप बसेल. घरचं खाणं सुरू झालं की अशी मुलं पुष्कळदा झपाट्याने भरतात, त्यामुळे तेही माप फार दिवस पुरणार नाही. म्हणून आत्ताच्या मापाचे दोनच साधे सुती जोड घ्या आणि एक पुढच्या मापाचा. पुढून बटणं असलेले बरे. नव्या घरात डोक्यावरून कपडा ओढला की काही मुलं घाबरून रडतात. बिल पिशवीतच ठेवा आणि बदलून मिळतं का ते आधी विचारून घ्या.

वजन विचारायला संकोच नको. एवढा निरोप पुरे: ‘अगं, तिला काही कपडे आणतेय. वजन-उंची सांगशील? आणि ती झोपताना काय पांघरते?’ उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका, गिफ्ट कार्ड द्या.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाळासोबत संस्थेतून बहुतेक वेळा एखादं दुपटं, फडकं किंवा खेळणं येतं. विटलेलं असतं, वास येत असतो, आणि तोच वास त्या बाळाच्या ओळखीचा असतो. माहितीतल्या आई-बापांना संस्थेतले लोक ‘हे लगेच धुवू नका’ असं सांगतात. अशा वेळी तुम्ही मऊ, गुलाबी, सुगंधी ब्लँकेट आणून ‘ते जुनं टाकून दे गं’ म्हणालात तर तो सल्ला फार महागात पडेल. ब्लँकेट द्यायचंच असेल तर साधं, बिनवासाचं द्या आणि कधी वापरायचं ते आईवर सोडा.

दुधाच्या पावडरीचा डबा किंवा तयार बाळखाद्य तर अजिबात नको. संस्थेत जे चालू होतं तेच सुरुवातीला चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बदलतात. मध्येच दुसरं काही दिलं की बाळाचं पोट बिघडतं आणि दोष नव्या आईच्या माथी येतो.

‘बाळाची पहिली वही’

आठवणींच्या रेडिमेड वह्या दिसायला सुंदर असतात आणि इथे सगळ्यात जास्त त्याच चुकतात. पहिल्या पानावर सोनोग्राफीचा फोटो चिकटवायची चौकट. दुसऱ्यावर जन्मवेळ, वजन, हॉस्पिटल, ‘बाबांसारखं नाक की आईसारखे डोळे’. मग पहिलं हसू, पहिला दात, पहिलं पाऊल. चौदा महिन्यांच्या मुलीच्या बाबतीत यातलं बरंचसं या आई-बापांनी पाहिलेलंच नाही. ही वही म्हणजे रिकाम्या चौकटींची यादीच होते.

तीच गत पत्रिकेची. हौसेने ज्योतिषाकडून कुंडली करून आणणारे काका-मावशी प्रत्येक घरात असतात. सोडून दिलेल्या मुलांची जन्मवेळ कुणाला माहीत नसते आणि जन्मतारीखही पुष्कळदा वैद्यकीय तपासणीवरून अंदाजाने ठरवलेली असते. ‘वेळ काय लिहू?’ हा फोन आई-बापांना करू नका. कुणी दुसरं करत असेल तर त्यालाही थांबवा.

वहीची कल्पना मात्र सोडू नका, फक्त कोरी घ्या. जाड पानांची, रिंग असलेली, म्हणजे पानं मागे-पुढे घालता येतात. बरेच दत्तक आई-बाप मुलाची गोष्ट अशा वहीत जमवतात. पोर्टलवरचा पहिला फोटो, संस्थेतल्या मावशींनी सांगितलेल्या सवयी, तिथलं नाव, पहिल्या भेटीची तारीख, गाडीतून घरी येतानाचा फोटो. आधीची पानं कधी भरायची, त्यात काय लिहायचं, हे त्यांचं ते ठरवतील. सोबत प्लास्टिकचे पारदर्शक कप्पे असलेली एक फाइल द्या. या घरात कागद फार असतात: गृहभेट अहवाल, पालनपोषणाचं प्रतिज्ञापत्र, दत्तक आदेश, नवा जन्मदाखला, आणि दोन वर्षं दर सहा महिन्यांनी होणारे पाठपुरावा अहवाल. फाइल हे काही रोमँटिक गिफ्ट नाही, पण रोज हाताशी लागतं.

नाव कोरून घेण्याची घाई

चांदीची वाटी, चमचा, कडं द्यायला काहीच हरकत नाही. पण त्यावर नाव घालू नका. मुलाला संस्थेत एक नाव असतं आणि चौदा महिन्यांची मुलगी त्या नावाला वळून बघते. काही आई-बाप तेच ठेवतात, काही त्याला जोडून नवं ठेवतात, काही बारसं करून पूर्ण बदलतात. यात आपलं मत देऊ नये. शिवाय मूल घरी आलं म्हणजे दत्तकविधान पूर्ण झालं असंही नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येईपर्यंत कायद्याने ते दत्तकपूर्व पालनपोषणात असतं. २०२२ पर्यंत हा आदेश कोर्ट देत असे, आता जिल्हाधिकारी देतात. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत तो द्यावा असा नियम आहे, पण तारखा पुढे जातातही. नवा जन्मदाखला त्यानंतरच निघतो. सोनाराला सांगून ठेवा, नाव नंतर कोरून मिळतं.

याच काळात गिफ्ट देतानाचा फोटो स्टेटसला टाकू नका, बाळाचा चेहरा झाकूनसुद्धा नको. बाल न्याय कायदा अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी घालतो, आणि आई-बापांनी कुणाला काय सांगितलंय ते आपल्याला माहीत नसतं. संस्थेचं नाव, गाव, ‘कुठून आणलं’ हे तर कार्डावरही नको आणि गप्पांतही नको. ती गोष्ट त्या मुलीची आहे.

कार्डावर काय लिहायचं

‘केवढं पुण्याचं काम केलंत’, ‘बाळाचं नशीब उजळलं’ असं लिहिलेलं कार्ड त्या मुलीच्या हाती दहाव्या वर्षी पडलं तर तिला काय वाटेल ते आधी डोळ्यांसमोर आणा. ती कुणाच्या तरी दयेवर आली असाच त्याचा अर्थ. ‘आता तुमचं स्वतःचंही होईल बघा’ हे तर तोंडातून निघूच नये, बाळकृष्ण देतानाही नाही. काही जोडप्यांनी उपचारांत बरीच वर्षं घालवलेली असतात, काहींनी कधी उपचार केलेलेच नसतात, दत्तकच घ्यायचं हे त्यांचं लग्नाआधीपासून ठरलेलं असतं. एकटीने दत्तक घेणाऱ्या आयाही आहेत. तुम्हाला यातलं काय लागू आहे ते माहीत असेलच असं नाही. ‘तुम्हा तिघांचं अभिनंदन’ किंवा ‘तुम्हा दोघींचं’ एवढं पुरतं.

भेटायला जाऊन बाळ हातात घेणं

इथे सगळ्यात जास्त रुसवे होतात. पहिले काही आठवडे बाळाला भरवणं, आंघोळ, कडेवर घेणं, झोपवणं फक्त आई-बापच करतात. संस्थेत पाळीप्रमाणे अनेक हातांनी सांभाळलेल्या मुलाला ‘माझं माणूस कोणतं’ हे कळायला हा काळ लागतो. काही मुलं कुणाकडेही झेपावतात आणि पाहुणे खूश होतात, ‘अगदी गोड आहे हो, रडतच नाही.’ आईला त्याचीच काळजी असते.

म्हणून दारात पिशवी देऊन परत यायची तयारी ठेवा. पिशवीत डबा असू दे. डिंकाचे लाडू खुशाल द्या, रात्री-अपरात्री जागणाऱ्या कुणालाही ते चालतात, बाबालाही. अळिवाचे मात्र ‘दूध येण्यासाठी’ म्हणून देतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते टाळा. त्याहून उपयोगी म्हणजे पोळी-भाजी, वरण-भात, परत मागायला लागणार नाही अशा डब्यात. पंधरा दिवसांचा पोळ्यांचा डबा लावून दिलात आणि पैसे भरून टाकलेत तर त्यापुढे चांदीची वाटी फिकी. आवाज करणारी, लुकलुकणारी खेळणी महिनाभर थांबू देत.

मूल मोठं असेल, सहा-सात वर्षांचं, तर ढीग नेऊ नका. संस्थेत कपडे-खेळणी बहुधा सगळ्यांची मिळून असतात, त्यामुळे एकदम दहा वस्तू आल्या की काही मुलं त्या लपवतात, काही शेजारच्या पोरांना वाटून मोकळी होतात. एकच वस्तू द्या, दप्तर किंवा पाण्याची बाटली. वर नावाचं स्टिकर त्याचं त्यालाच लावू दे. घरात आधीचं मूल असेल तर त्याच्यासाठीही त्याच दिवशी, तेवढ्याच किमतीचं काहीतरी न्या.