खोगीर दिसलं की लगेच पेरिकार्डायटिस म्हणू नका: ईसीजी वाचताना या चुका टाळा

कॅज्युअल्टीत नव्याने आलेल्या प्रत्येक तुकडीला पेरिकार्डायटिसचं एक चित्र तोंडपाठ असतं. एसटी बऱ्याच लीड्समध्ये वर उचललेला, मधे खोलगट, घोड्याच्या खोगिरासारखा. चित्र बरोबर आहे. घोटाळा त्याच्या वापरात आहे. खोगीर दिसलं की डोकं तिथेच थांबतं आणि उरलेला कागद कुणी वाचत नाही.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक: आकारावरून निदान

रात्रपाळीतली गोष्ट. छत्तिशीतला माणूस, तीन तासांपासून छातीत दुखतंय, आठवड्यापूर्वी सर्दी-ताप होऊन गेलेला. 'खोल श्वास घेतला की दुखतं का?' असं विचारल्यावर तो 'हो' म्हणाला. (असं विचारलं की निम्मे लोक 'हो'च म्हणतात. 'कधी वाढतं?' एवढंच विचारावं आणि गप्प बसावं.) लीड दोन, तीन, एव्हीएफ, व्ही५ आणि व्ही६ मध्ये एसटी वर, आणि छान खोलगट. हाऊसमनने मला फोनवर सांगितलं, "सर, पाच लीड्समध्ये सॅडल आहे, व्हायरल पेरिकार्डायटिस. पेनकिलर देऊन ठेवतो."

मी म्हटलं, एव्हीएल वाच. पलीकडे जरा शांतता. मग, "थोडा खाली आहे सर, पण फार नाही."

खाली जाऊन पाहिलं तर लीड तीनमध्ये एसटी दीड मिलिमीटर वर, दोनमध्ये सव्वा, आणि एव्हीएलमध्ये जवळजवळ एक मिलिमीटर खाली, टी उलटा. पंधरा मिनिटांनी त्याच जागी इलेक्ट्रोड ठेवून दुसरा ईसीजी काढला. लीड तीन तीन मिलिमीटरवर गेली होती, खोलगटपणा जाऊन एसटी सरळ रेषेत टीला भिडला होता, एव्हीएल दोन मिलिमीटर खाली. कॅथ लॅबमध्ये उजवी कोरोनरी पूर्ण बंद निघाली.

पहिल्या कागदात सगळं होतं. हार्ट अटॅकच्या सुरुवातीच्या काळात एसटी खोलगट असणं अगदी नेहमीचं आहे. एसटी फुगीर किंवा आडवा असेल तर अटॅककडे बोट दाखवायला तो पुरेसा, पण खोलगट एसटीने अटॅक नाकारता येत नाही.

माझी सवय अशी की मी वर गेलेला एसटी नंतर बघतो, आधी खाली गेलेला शोधतो. पेरिकार्डियमचा दाह हृदयाला सगळीकडून वेढतो, म्हणून एसटी एव्हीआर आणि बहुधा व्ही१ सोडून कुठे खाली जात नाही. अटॅकमध्ये एका धमनीचा इलाका वर जातो आणि समोरच्या लीड्स आरशासारख्या खाली जातात. एव्हीआर आणि व्ही१ वगळून कुठेही एसटी खाली असेल, तर मी पेरिकार्डायटिस हा शब्द उच्चारतच नाही.

लीड दोन आणि तीनची तुलना सगळे पाठ करतात, पण त्यामागची साधी बेरीज कुणी करत नाही. पहिली आणि तिसरी मिळून दुसरी होते. पेरिकार्डायटिसमध्ये पहिली एक मिलिमीटर वर, दुसरी दीड, तर तिसरीच्या वाट्याला अर्धा उरतो. म्हणून दुसरी तिसरीपेक्षा उंच. आता तिसरी दुसरीपेक्षा उंच असेल, तर पहिली शून्याखाली असायलाच हवी, म्हणजे समोरची बाजू खाली गेलेली आहेच. त्या रात्रीचे आकडे घ्या: सव्वातून दीड वजा केला तर पहिली पाव मिलिमीटर खाली येते. एवढंसं नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण एव्हीएलमध्ये ते मोठं होऊन दिसतं.

दुसरी: पीआरला आधाररेषा धरणं

याचाही मला तितकाच राग आहे. पेरिकार्डायटिसमध्ये पीआर स्वतःच खाली बसलेला असतो आणि एव्हीआरमध्ये वर चढलेला. तो अलिंदांच्या आवरणाच्या दाहाचा परिणाम. आता त्याच पीआरवर पट्टी ठेवून एसटी मोजला तर काय होईल? पीआर एक मिलिमीटर खाली, एसटी खरोखर दीड मिलिमीटर वर, आणि तुमच्या कागदावर अडीच. शिवाय पीआर हीच आधाररेषा मानल्याने तो खाली आहे हेच तुम्हाला दिसणार नाही. एका चुकीत दोन पुरावे बिघडले.

एरवी क्यूआरएस सुरू होतो तिथून मोजलं तरी चालतं. पेरिकार्डायटिसची शंका असेल तेव्हा मात्र टी संपल्यापासून पुढच्या पी पर्यंतचा टीपी भाग घ्या. मी कागदाची कड दोन लागोपाठच्या टीपींवर ठेवतो. ठोके फार जलद असले तर टी आणि पी एकमेकांत शिरतात आणि टीपी उरतच नाही. अशा कागदावर पीआर डिप्रेशन घोषित करू नका. वेदना उतरून ठोके मंदावले की पुन्हा काढा. आणि पीआर खाली असणं हा एकटा पुरावा कधीच नाही, अटॅकमध्येही ते दिसतं.

बाकीच्या, थोडक्यात

तरुण आहे म्हणून अटॅक नाही, हे मला परत ऐकवू नका.

ट्रोपोनिन वाढला म्हणजे अटॅकच, असंही नाही. दाह हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचला तरी तो वाढतो.

निरोगी तरुणाचा अर्ली रिपोलरायझेशनही खोगिरासारखा दिसतो. व्ही६ मध्ये एसटीची उंची टीच्या उंचीच्या पावपटीहून जास्त असेल तर कल पेरिकार्डायटिसकडे. टी भलामोठा आणि एसटी किरकोळ असेल तर बहुधा अर्ली रिपोलरायझेशन.

टी उलटा होण्याची वेळ बघा. अटॅकमध्ये एसटी वर असतानाच टी उलटू लागतो. पेरिकार्डायटिसमध्ये आधी एसटी आधाररेषेवर येतो, मग टी उलटतो. पण याला दिवस लागतात, त्या रात्री याचा काही उपयोग नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. पेरिकार्डायटिसला अटॅक समजून गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर दाहलेल्या आवरणात रक्तस्राव होऊन टॅम्पोनाड होऊ शकतो.

एव्हीएलही फसवतं तेव्हा

डावी पुढची धमनी काही जणांत हृदयाच्या टोकाला वळसा घालून खालच्या भिंतीपर्यंत जाते. ती बंद पडली की पुढच्या आणि खालच्या दोन्ही लीड्स वर जातात आणि समोर खाली जायला फारसं काही उरत नाही. हुबेहूब 'सगळीकडे वर'. अशा वेळी एका कागदावर निर्णय घेऊ नका. दर पंधरा मिनिटांनी नवा ईसीजी काढा आणि आधीच्याशेजारी ठेवा. अटॅकचा कागद बहुधा तासाभरात बदलतो, पेरिकार्डायटिसचा सहसा जिथल्या तिथे राहतो. तेवढ्यात टूडी इको मागवा. त्यात भिंतीचा एखादा भाग हलत नसेल तर कॅथ लॅबला फोन लावा. सगळ्या भिंती नीट हलत असतील आणि आवरणात थोडं पाणी दिसत असेल, तर रुग्णाला पुढे वाकून बसवा, श्वास सोडून थांबायला सांगा आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथो दाबून घर्षणाचा खरखर आवाज ऐका. तो येतो-जातो, म्हणून मी तासाभराने परत ऐकतो.