शहराचा फोटो खेळण्यातल्या गावासारखा का दिसत नाही? मिनिएचर इफेक्टमधल्या या चुका टाळा

उंचावरून शहराचा फोटो काढला, वर-खाली ब्लर केला, रंग भडक केले, तरी फोटो नुसता धुरकट आणि भडकच दिसतो. अशी तक्रार असेल तर दोष बहुधा एकाच गोष्टीत असतो. खऱ्या छोट्या मॉडेलचा फोटो जवळून काढला की फोकसची खोली फार कमी मिळते. त्या खोलीच्या पुढचं आणि मागचं सगळं अंतरानुसार पुसट होत जातं. आपण मात्र अंतराचा विचार न करता कागदावर दोन आडव्या रेघा मारल्यासारखा ब्लर करतो. डोळा ही लबाडी लगेच पकडतो.

उदाहरणासाठी साताऱ्याचं दृश्य घेऊ. अजिंक्यताऱ्यावरून उत्तरेकडे पाहिलं की शहर पायथ्याशीच पसरलेलं दिसतं.

नजर पुरेशी खाली नाही

उंच जागा मिळाली म्हणजे काम झालं असं नाही, कॅमेरा किती अंश खाली झुकला आहे हे महत्त्वाचं. किल्ला शहरापेक्षा साधारण ३०० मीटर उंच धरला, तर सुमारे ५२० मीटर पुढची घरं ३० अंश खाली दिसतात. दोन किलोमीटरवरची घरं मात्र जेमतेम आठ-नऊ अंश खाली. टेबलावरचं मॉडेल आपण इतक्या सपाट नजरेने सहसा बघत नाही, म्हणून लांबच्या वस्तीवर हा इफेक्ट बसत नाही. फ्रेममध्ये पायथ्याजवळची घरंच घ्या. आकाश आणि क्षितिज पूर्ण बाहेर ठेवा.

वाइड अँगलनेही काम बिघडतं, कारण इतक्या अंतरावर घरं मुंगीएवढी होतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १०० मिमी लेन्सने ६०० मीटरवर साधारण २१५ मीटर रुंदीचा भाग दिसतो. म्हणजे १० मीटर रुंदीचं घर फोटोच्या विसाव्या भागाएवढं येतं, ते पुरेसं आहे. फोनवर तीन किंवा पाच पट ऑप्टिकल झूम वापरा. डिजिटल झूमने कौलं आणि खिडक्यांचा चिखल होतो आणि पुढे फोकसमधला पट्टाही मऊच राहतो. पोर्ट्रेट मोड इथे कामाचा नाही, इतक्या लांबच्या घरांमधलं अंतर त्याला नीट कळत नाही.

धुरकट हवा असेल तर फोटो काढूच नका, कारण धूसरपणा म्हणजे अंतर हे डोळ्याला पक्कं ठाऊक असतं. पावसाळा सरल्यावरची धुतलेली हवा उत्तम. सूर्य पाठीमागे किंवा बाजूला असावा आणि ऊन कडक असावं. मॉडेलवर दिव्याचा झोत टाकल्यावर पडतात तशा स्वच्छ सावल्या त्याने मिळतात. हिवाळ्यात सकाळी डोंगराची सावली पायथ्यावरून सरकल्यावरच काढा. एफ ८, आयएसओ १००, आणि रॉ फाइल. ब्लर कॅमेऱ्यात करू नका, पट्टा नंतर हलवता येत नाही.

पाण्याची टाकी अर्धी स्पष्ट, अर्धी पुसट

सर्वात जास्त फोटो इथे फसतात. समजा पट्ट्यात घरांची एक रांग आहे आणि त्या रांगेतच खांबांवरची सिमेंटची पाण्याची टाकी उभी आहे. खांब पट्ट्यात म्हणून स्पष्ट, पण टाकीचा घुमट पट्ट्याच्या वर जातो म्हणून पुसट. प्रत्यक्षात खांब आणि घुमट आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. मॉडेलच्या फोटोत घुमटही स्पष्टच राहिला असता. देवळाचे कळस, मोबाइल टॉवर आणि नारळाची झाडं यांचंही हेच.

नुसता घुमट मास्कने परत स्पष्ट केला तर दुसरी कटकट होते. मागच्या ब्लरमध्ये टाकीचा करडा रंग आधीच पसरलेला असतो, त्यामुळे घुमटाभोवती धुरकट वलय दिसतं. म्हणून क्रम असा ठेवा. जिम्पमध्ये फोटोचे दोन लेयर करा. वरच्या लेयरला मास्क लावून फक्त टाकी ठेवा, कड एक-दोन पिक्सेलच मऊ करा. खालच्या लेयरमधून टाकीचा पट्ट्याबाहेर जाणारा भाग `Heal` किंवा `Clone` टूलने काढून टाका आणि तिथे शेजारची छपरं भरा. ही भरणी ओबडधोबड चालते, ती ब्लर होणारच आहे. मग फक्त खालच्या लेयरवर `Filters > Blur > Focus Blur` लावा. `Shape` मध्ये पट्टा आडवा येईल तो पर्याय निवडा. वर टाकी आपोआप स्वच्छ कडेने बसते.

याची उलटी चूक कुणाच्या लक्षात येत नाही. फोटोच्या खालच्या भागात, म्हणजे आपल्या जवळ, एखादी उंच इमारत असते. तिचा तळ पुसट होतो, पण गच्ची पट्ट्यात घुसते आणि लख्ख दिसते. तिलाही टाकीसारखंच वेगळ्या लेयरवर घ्या, फक्त यावेळी पूर्ण इमारतीला तिच्या तळाएवढाच ब्लर द्या. अशा इमारती दोन-तीन असतील तर खरं सांगायचं तर फ्रेमच बदलावी, तासभराची मेहनत वाचते.

पट्टा फोटोच्या उंचीच्या दहा ते पंधरा टक्के पुरे. तो जाड ठेवला की मॉडेलपणा जातो. वर आणि खाली ब्लर हळूहळू वाढू द्या. पट्ट्याच्या कडेला रेघ दिसली तर फोटोशॉपमध्ये `Blur Gallery` च्या `Tilt-Shift` मधल्या तुटक रेषा बाहेर ओढा, स्नॅपसीडमध्ये `Transition` वाढवा. कॅमेरा सरळ धरला असेल तर पट्टा आडवाच ठेवायचा. सौंदर्यासाठी तिरका केला की फोकसचा अंतराशी संबंधच तुटतो.

ब्लरचा आकडा दुसऱ्याच्या फोटोवरून उचलू नका. १५ पिक्सेल ब्लर ४,००० पिक्सेलच्या फोटोत फारसा जाणवत नाही, १,००० पिक्सेलच्या फोटोत गल्ल्या गिळतो. आधी अंतिम आकार करा. २,००० पिक्सेल रुंदीला १२ ते १६ पासून सुरुवात करा. स्नॅपसीड वापरत असाल तर `Vignette Strength` शून्यावर आणा. काळे कोपरे मॉडेलला शोभत नाहीत.

रंग वाढवताना निळे पत्रे फुटतात

रंग ब्लरनंतर वेगळ्या लेयरवर वाढवा. जिम्पच्या `Colors > Saturation` मध्ये `Scale` १.३ ते १.४ पुरे. दुप्पट केलं की निळे पत्रे आणि लाल कौलं सपाट रंगाचे ठिपके होतात, पन्हाळीच्या रेषा गायब. हिस्टोग्राममध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे पाहा. एखादा उजव्या काठाला चिकटला असेल तर फक्त त्या रंगाचं सॅच्युरेशन आणि उजेड खाली घ्या. झाडांचा हिरवा बहुतेक वेळा पोपटी होतो, त्याला थोडं गडद करा.

पुसट भागात रंगाच्या पायऱ्या दिसल्या तर फाइल बहुधा ८ बिटमध्ये आहे. रॉमधून पुन्हा १६ बिटमध्ये सुरू करा, किंवा ब्लर केलेल्या लेयरवर अगदी बारीक नॉइज टाका. शार्पनिंग फक्त पट्ट्यावर आणि टाकीवर. सेव्ह करण्याआधी फोटो फोनच्या स्क्रीनएवढा लहान करून बघा आणि पट्ट्याबाहेर कुठली कड लख्ख राहिली आहे का ते शोधा. राहिली असेल तर ती वस्तू टाकीची किंवा त्या उंच इमारतीची कुठली तऱ्हा आहे ते ओळखून त्याच पद्धतीने दुरुस्त करा.